घोटभर पाणी म्हणजे चूळ नव्हे: इन्हेलरनंतर ‘आलेल्या’ तोंडाचं एक प्रकरण

“डॉक्टर, तोंड आलंय. तीन आठवडे झाले, जातच नाही.”

बाई निवृत्त शिक्षिका, वय ६१. त्यांना बरीच वर्षं दमा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण प्रकरणाचा गाभा तसाच ठेवला आहे. माझ्या चुकाही तशाच ठेवल्या आहेत.

‘तोंड येणं’ या शब्दात आपण फार काही कोंबतो. गालाच्या आत उठलेला एखादा दुखरा फोड म्हणजे तोंड येणं, जीभ सोलवटली तरी तोंड येणं, आणि तोंडात बुरशी वाढली तरीही तोंड येणंच. बाईंनीही तोच शब्द वापरला, औषधाच्या दुकानातही तोच सांगितला. त्या शब्दाला मिळायचं तेच त्यांना मिळालं: फोडांवर लावायचं बधिर करणारं जेल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. जेल लावलं की वीस मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा आग. दहा दिवस हे चाललं.

मधल्या काळात त्यांनी दम्याच्या स्टेरॉइड इन्हेलरच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रिका वाचली. दुष्परिणामांच्या यादीत ‘तोंडातील बुरशीसंसर्ग’ दिसल्यावर, मला न विचारता, त्यांनी इन्हेलर बंद केला. नऊ दिवसांनी पहाटे तीनला धाप लागली. रात्री उघडं असलेल्या एका दवाखान्यात नेब्युलायझर दिला गेला. घरी जाताना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस, आणि सोबत एक अँटिबायोटिक. इन्हेलर पुन्हा सुरू करायला सांगितलं, ते अगदी योग्य. गोळ्याही योग्य. अँटिबायोटिक कशासाठी ते मला आजतागायत कळलेलं नाही, कारण ताप नव्हता आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. दमा उसळला की त्यात जिवाणूंचा हात असतोच असं नाही, बहुतेकदा नसतोच.

तोंडाच्या दृष्टीने मात्र ही तीन औषधं एकत्र येणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच. कँडिडा ही बुरशी धडधाकट माणसांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडात मुळातच असते, अगदी गुपचूप. तिला दाबून ठेवणारे दोघे: तोंडातले नेहमीचे जिवाणू, जे तिची जागा आणि अन्न अडवतात, आणि तोंडाच्या अस्तरातली आपली प्रतिकारशक्ती. अँटिबायोटिकने पहिला पहारा उठवला. स्टेरॉइडने दुसरा ढिला केला, तोही दोन बाजूंनी, कारण फवाऱ्यातलं तोंडाच्या अस्तरावर साचत होतं आणि गोळ्यांतलं रक्तातून येत होतं. पाचव्या दिवशी बाईंना साधं पाणी गिळतानाही झोंबू लागलं. मग त्या माझ्याकडे आल्या.

तोंड उघडायला सांगितलं. टॉर्चच्या उजेडात गालांच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडांना आणि पडजिभेच्या दोन्ही अंगांना पांढरे, किंचित पिवळट ठिपके दिसले, काही ठिकाणी एकमेकांत मिसळून पट्टेच झालेले. फाटलेल्या दुधाचे कण चिकटावेत तसे. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा. मी बोटाला गॉझ गुंडाळला आणि उजव्या गालावरचा एक पट्टा हलक्या हाताने पुसला. तो सुटून आला. खाली लालभडक, ओलसर पृष्ठभाग, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे दोन थेंब. बाईंनी डोळे घट्ट मिटले.

ही पुसून बघण्याची क्रिया दहा सेकंदांची, पण निदान बहुतांशी तिच्यावरच उभं असतं. बुरशीचा थर पुसला जातो आणि खालची जागा लाल, दुखरी निघते. पुसला न जाणारा पांढरा चट्टा हे वेगळं प्रकरण असतं. तो जाळीदार रेघांसारखा असेल तर लायकेन प्लॅनसचा विचार करावा लागतो. नुसताच घट्ट पांढरा चट्टा असेल, विशेषतः तंबाखू किंवा सिगारेटची सवय असलेल्या माणसात, तर ल्युकोप्लाकिया. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांत न गेलेल्या अशा चट्ट्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. ‘इन्हेलर घेतोय ना, मग बुरशीच असणार’ असं गृहीत धरून त्यावर महिनोन्महिने बुरशीचं औषध लावत बसणं धोक्याचं. बाईंच्या बाबतीत ती शंका गॉझने मिटली.

मी विचारलं, “गिळताना छातीच्या हाडामागे दुखतं का? घास अडकल्यासारखा वाटतो का?” नाही म्हणाल्या. दुखणं तोंडात आणि घशाच्या वरच्या भागातच होतं. हा प्रश्न चुकवू नये. बुरशी अन्ननलिकेत उतरली असेल तर तोंडात लावायच्या किंवा घोळवायच्या औषधाचा उपयोग नाही. तिथे फ्लुकोनाझोलसारखं पोटातून रक्तात जाणारं औषध दोन-तीन आठवडे द्यावं लागतं.

मी निस्टॅटिनचं पातळ औषध लिहून दिलं. एका मिलिलिटरमध्ये एक लाख युनिट असलेलं, दर वेळी ५ मिलि, दिवसातून चार वेळा, सात दिवस. रक्तातली साखर तपासून घ्यायला सांगितलं, कारण न कळलेला मधुमेह हे तोंडातल्या बुरशीमागचं एक नेहमीचं कारण आहे आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही साखर चढते. “इन्हेलर बंद करू नका, नंतर चूळ भरत चला,” असं दारापर्यंत गेलेल्या बाईंना सांगितलं.

“भरते ना मी चूळ,” बाई म्हणाल्या.

मी मान डोलावली. इथे मी चुकलो.

दहा दिवसांनी त्या परत आल्या. साखर व्यवस्थित होती. तोंड निम्मंच बरं होतं. गालांवरचे पट्टे विरळ झाले होते, पण मऊ टाळूवर आणि पडजिभेशी पांढरं तसंच होतं, ओठांचे कोपरे अजून चिरलेले. औषध संपून तीनच दिवस झाले होते आणि आग पुन्हा सुरू झाली होती. अशा वेळी औषध बदलायचा मोह होतो. बुरशी औषधाला दाद देत नाही, आता फ्लुकोनाझोल देऊ, असं हात आपोआप लिहायला लागतो. खरी दाद न देणारी कँडिडा असते, पण पहिल्याच वेळी ती असण्याची शक्यता फार कमी. औषध बुरशीपर्यंत पोचलंच नाही, ही शक्यता त्याहून कितीतरी मोठी. म्हणून पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, “बाई, औषधाची बाटली, इन्हेलर, तोंडासाठी जे जे वापरता ते सगळं उद्या घेऊन या. इथे माझ्यासमोर नेहमीसारखं घेऊन दाखवा.”

दुसऱ्या दिवशी पिशवीतून निघालं ते असं: इन्हेलर, निस्टॅटिनची रिकामी बाटली, क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश, आणि कवळी ठेवायची डबी.

कवळी! वरचे सगळे दात कवळीचे आहेत हे मला माहीतच नव्हतं. आदल्या दोन्ही भेटींत ती तोंडातच होती आणि मी तिच्या कडेकडेनेच पाहिलं होतं. काढायला सांगितली. कवळीखाली टाळू कवळीच्याच आकाराचा लालभडक झालेला, कुणी आखून रंगवावा तसा. तिथे पांढरं काहीच नव्हतं. कवळीखालची बुरशी बहुधा अशी लालच दिसते, म्हणून पांढरं शोधणाऱ्याला ती सापडत नाही. ॲक्रिलिकचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, बुरशी त्यात घर करते. खाली लाळही फिरत नाही. बाई कवळी झोपतानाही काढत नव्हत्या. तोंडाला जितकं औषध लावू, तितकी बुरशी कवळी रात्रभर परत पेरत होती.

मग इन्हेलर. बाईंनी तो हलवला, ओठांत धरला, जोरात श्वास आत ओढला आणि त्या एका श्वासात दोनदा दाबला. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरी वाफ बाहेर आली. श्वास तीन सेकंदही रोखला नाही. लगेच बाजूच्या पेल्यातलं पाणी घेतलं, दोन घोट प्यायल्या आणि पेला खाली ठेवला.

“आणि चूळ?” मी विचारलं.

“ही काय, घेतली की.”

घोट, चूळ आणि गुळणी हे तीन शब्द मराठीत इतके स्वच्छ वेगळे आहेत की समोरचा त्यांची गल्लत करील असं मला वाटलंच नव्हतं. घोट गिळायचा असतो. चूळ गालांत खळबळवून थुंकायची असते. गुळणी मान मागे करून, घशात गुडगुड करून थुंकायची असते. बाईंच्या लेखी ‘औषधानंतर पाणी’ म्हणजे गोळीनंतर पाणी पितो तसं. मी ‘चूळ’ म्हणालो, त्यांनी ‘पाणी’ ऐकलं. दोष त्यांचा नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगितलेली गोष्ट अशीच पोचते.

आता हे पाणी का महत्त्वाचं, ते त्यांना जसं समजावलं तसंच इथे मांडतो. साध्या दाबायच्या पंपातून, स्पेसर नावाचं प्लास्टिकचं नळकांडं न जोडता घेतलेल्या फवाऱ्यातला साधारण १० ते २० टक्केच भाग फुफ्फुसात पोचतो. उरलेल्यातला बहुतांश जिभेच्या मागच्या भागावर, टाळूवर आणि घशाच्या भिंतीवर आपटून तिथेच राहतो. फवारा नळीतून प्रचंड वेगाने निघतो आणि घशाशी वळण घ्यावं लागतं. ते वळण वेगवान थेंबांना घेता येत नाही, ते सरळ भिंतीवर जातात. श्वास जितका झटक्याने ओढाल, तितकं हे आपटणं वाढतं. बाईंना मी दीड-दोन महिन्यांपूर्वी दमा आटोक्यात येत नव्हता म्हणून फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉलची मात्रा वाढवून दिली होती. फ्लुटिकासोन हे त्यातलं स्टेरॉइड, एका फवाऱ्यात २५० मायक्रोग्रॅम, दोन फवारे, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाला १००० मायक्रोग्रॅम, प्रौढांसाठी ही मोठी मात्रा. त्यातला बराचसा भाग त्यांच्या टाळूवर रोज दोनदा बसत होता आणि रात्रीच्या फवाऱ्यावर तर पुढचे सात तास लाळसुद्धा फारशी फिरत नव्हती. झोपेत लाळ कमी होते.

दोन घोट पिऊन यातलं थोडं पोटात उतरतं, आणि पाणी थुंकायची सोयच नसेल तर काही न करण्यापेक्षा तेही बरं. पण घोट जिभेच्या मधल्या पन्हाळीतून सरळ खाली जातो. गालांचे खिसे, टाळूचा मागचा भाग, पडजिभेच्या बाजू तशाच राहतात. नेमके तिथेच बाईंचे पट्टे होते.

आता निस्टॅटिन. “हे कसं घेत होता?”

“चमचाभर, गिळून. मग तोंड कडू होतं म्हणून ते माउथवॉश.”

एका वाक्यात दोन कारणं सापडली. निस्टॅटिन आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणाला चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं. म्हणजे जिथे लागेल तिथेच काम करतं, आणि लागून राहील तेवढाच वेळ. गिळलं की तोंडापुरतं ते संपलं. वरून क्लोरहेक्सिडिन: ही दोन औषधं एकत्र आली की न विरघळणारं संयुग तयार होतं आणि दोघांचाही जोर जातो. उरलंसुरलं निस्टॅटिन बाई स्वतःच्या हाताने निकामी करत होत्या, तेही दिवसातून चार वेळा, अगदी नेमाने. तोंड निम्मं बरं झालं याचंच मला आश्चर्य वाटलं.

एकूण गंमत अशी की जे थुंकायचं होतं ते बाई गिळत होत्या, आणि जे तोंडात धरायचं होतं तेही गिळत होत्या.

मी औषध बदललं नाही. तेच निस्टॅटिन, तीच मात्रा, पण या वेळी १४ दिवस आणि वेगळ्या रीतीने. आधी कवळी काढायची. ५ मिलितलं निम्मं तोंडाच्या एका बाजूला, निम्मं दुसऱ्या बाजूला घ्यायचं. गालांत, जिभेखाली, टाळूवर घोळवत शक्य तितकी मिनिटं धरायचं. शेवटी थोडं घशाशी नेऊन गिळायचं, कारण पट्टे मागेही होते. त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी घेतलं की हा अर्धा तास आपोआप सांभाळला जातो. ओठांच्या चिरांवर क्लोट्रिमॅझोलचं मलम दिलं. पट्टे दिसेनासे झाले की औषध सोडायचं नाही हे दोनदा सांगितलं. डोळ्यांना दिसणं थांबतं तेव्हा बुरशी संपलेली नसते. पहिल्या वेळी मी सातच दिवस दिले होते, तेही या प्रकरणात कमी पडले.

निस्टॅटिनच का, असा प्रश्न एका सहकाऱ्याने नंतर विचारला. तोंडात चघळायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या, क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट किंवा मायकोनाझोल जेल यांतलं काहीही चाललं असतं. जेल चिकटून राहतं हा त्याचा फायदा, कवळीच्या आतल्या बाजूलाही लावता येतं. पण मायकोनाझोल तोंडातून थोडं रक्तात जातं. रक्त गोठू न देणारं वारफरिन घेणाऱ्या माणसाला ते दिलं तर रक्त धोकादायक प्रमाणात पातळ होऊ शकतं. तोंडात लावायचं साधं जेल म्हणून कुणी विचारतही नाही, आणि तिथेच फसगत होते. फ्लुकोनाझोलचंही वारफरिनशी, आणि मधुमेहाच्या व कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी पटत नाही. बाई यांतलं काही घेत नव्हत्या, तेव्हा १४ दिवसांनी पांढरं राहिलं असतं तर फ्लुकोनाझोल, पहिल्या दिवशी २०० आणि मग रोज १०० मिलिग्रॅम, असं माझ्या मनात होतं. वेळ आली नाही.

क्लोरहेक्सिडिन तोंडातून काढलं, पण फेकायला लावलं नाही. ते कवळीच्या वाटीत गेलं. कवळी रोज मऊ ब्रशने आतून-बाहेरून घासायची, ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये १५-२० मिनिटं बुडवायची, मग वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायची. हे धुणं महत्त्वाचं, नाहीतर तेच क्लोरहेक्सिडिन परत तोंडात जाऊन निस्टॅटिनशी भिडेल. रात्री कवळी तोंडात नाही, स्वच्छ पाण्यात. बाईंना हे सगळ्यात जड गेलं. “लहान नातू खोलीत येतो, दात नसलेली बघितली तर?” असं त्या हळूच म्हणाल्या. दोन आठवडे तरी करा म्हटलं. नंतर त्यांनी स्वतःहूनच चालू ठेवलं. कवळी बसते कशी ते दंतवैद्यांनी तपासलं. ती सैल झाली होती आणि हलून टाळू घासत होती. ते ठीक करून घेतलं.

पंपाला स्पेसर जोडला. त्या प्लास्टिकच्या नळकांड्यात फवाऱ्याचा वेग मरतो, मोठे थेंब त्याच्या भिंतींवर बसतात आणि बारीक थेंब तेवढे तोंडापर्यंत येतात. घशावर बसणारं औषध त्यामुळे खूप कमी होतं आणि फुफ्फुसातलं कमी होत नाही, बहुतेकदा वाढतं. एका वेळी एकच फवारा. सावकाश, चार-पाच सेकंद लावून खोल श्वास, दहा सेकंद रोखायचा, मग अर्ध्या मिनिटाने दुसरा. बाईंना पहिल्यांदा दहा सेकंद जमले नाहीत. सहा झाले, खोकला आला. आठवड्याभरात जमले. हे सगळं दाबायच्या पंपाबद्दल. पावडरच्या इन्हेलरला स्पेसर लागत नाही, त्यात श्वासही उलट जोरात ओढावा लागतो, तिथे चूळ आणि गुळणी हाच मुख्य बचाव.

स्पेसर धुताना आतून पुसायचा नाही, असं सांगितलं की सगळेच विचारतात का. फडक्याने घासलं की प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार चढतो आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. भांडी धुवायच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, फक्त तोंडाला लागणारा भाग साध्या पाण्याने धुवायचा आणि आपोआप निथळून वाळू द्यायचा.

आणि चूळ. ती या वेळी मी तोंडी सांगितली नाही, बेसिनपाशी उभं राहून करून घेतली. क्रम असा ठरला: कवळी तोंडात असतानाच इन्हेलर घ्यायचा, कारण दातांशिवाय ओठ स्पेसरभोवती नीट मिटत नाहीत. मग लगेच कवळी काढायची. पहिलं तोंडभर पाणी गालांत दहा सेकंद जोरात खळबळवून थुंकायचं. दुसऱ्या पाण्याची मान मागे करून, ‘आऽऽ’ असा आवाज काढत गुळणी, तीही थुंकायची. हेच पुन्हा एकदा. कवळी नळाखाली धुवायची. ‘लगेच’ या शब्दावर मी अडून बसलो, कारण औषध अस्तरावर जितका वेळ राहील तितकं ते आत मुरतं आणि नंतरच्या चुळीने कमी निघतं. दहा मिनिटांनी केलेली गुळणी म्हणजे उशिरा पुसलेली शाई.

लक्षात राहावं म्हणून आम्ही इन्हेलर बिछान्याजवळून उचलून दात घासायच्या ब्रशशेजारी नेला. आधी इन्हेलर, मग चूळ-गुळणी, मग खालचे दात घासणं. बिछान्याशी बेसिन नसतं, पेला असतो, आणि पेल्यातलं पाणी माणूस पितोच. माझ्या मते बाईंच्या आजाराचं मूळ त्या पेल्याइतकं साधं होतं. ब्रशही नवा घ्यायला लावला.

“सकाळी दोन, रात्री दोन. आणि निळा पंप घेतला की?” बाईंनी विचारलं. धाप लागल्यावर घ्यायच्या साल्बुटामॉलमध्ये स्टेरॉइड नसतं, त्यानंतर गुळणीची गरज नाही. धाप लागलेल्या माणसाने बेसिनकडे धावावं असं कुणी सांगणारही नाही.

चौथ्या दिवशी फोन आला, पाणी झोंबत नाही. दहाव्या दिवशी बाईंनी आरशात टॉर्च धरून पाहिलं, पांढरं नव्हतं. औषध चौदा दिवस घेतलंच. मी पाहिलं तेव्हा गाल आणि घसा स्वच्छ होता, ओठ भरले होते, टाळूचा कवळीच्या आकाराचा लाल ठसा फिकट गुलाबी झाला होता. तो पूर्ण जायला आणखी दोन आठवडे लागले.

एक तक्रार मात्र राहिली. आवाज घोगरा होता. बाईंना वाटलं बुरशी खाली उतरली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून स्वरतंतू पाहिले, बुरशी नव्हती. फवाऱ्यातल्या स्टेरॉइडचा स्वरतंतूंच्या स्नायूंवर होणारा हा वेगळा परिणाम, आणि गुळणी तिथपर्यंत पोचतच नाही. त्यावर इलाज दोनच, स्पेसर आणि कमी मात्रा. मात्रा कमी करायची घाई केली नाही. दमा सलग तीन महिने शांत राहिला, रात्रीची धाप नाही, निळ्या पंपाची आठवण नाही, तेव्हा २५० चा पंप १२५ चा केला, फवारे तेवढेच. पुढच्या दीड महिन्यात आवाज मोकळा झाला.

पुन्हा पुन्हा बुरशी येत राहिली असती तर मी लाळेचा किंवा पट्ट्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला असता, कँडिडाची जात पाहिली असती, एचआयव्हीची तपासणी सुचवली असती. फुफ्फुसात गेल्यावरच सक्रिय होणारं सिक्लेसोनाइड हाही पर्याय होता, तोंडाला त्याचा त्रास कमी होतो. यातलं काही लागलं नाही.

सहा महिन्यांनी बाई अचानक आल्या, चेहरा पडलेला. “पुन्हा आलं. जीभ बघा.”

जिभेवर पांढरा थर होता खरा, मागच्या भागात थोडा जाड. दुखतं का? नाही. झोंबतं का? नाही. चार दिवस सर्दीने नाक बंद होतं, तोंडाने श्वास घेत झोपत होत्या. मी बोटाला गॉझ गुंडाळला. गाल, टाळू, पडजिभेच्या बाजू, कवळीखालचं सगळं स्वच्छ. जीभ पुसली. थर थोडासा निघाला, खाली नेहमीची गुलाबी, खरखरीत जीभ, रक्त नाही, लाली नाही. बाईंनी या वेळी डोळे मिटले नव्हते. गॉझकडे पाहत म्हणाल्या, “म्हणजे नुसती जीभ घासायची राहिलीय.”

“हो,” मी म्हटलं, आणि काही लिहून दिलं नाही.